खांदे बघा, रंग नंतर

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून नाशिक रस्त्याने निघालं, मंचर सोडलं आणि कळंब मागे पडलं, की रस्त्याच्या कडेला आंब्याचे ठेले दिसायला लागतात. पिवळेधमक आंबे, खाली हिरवी पानं, वर छत्री आणि पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत ‘जुन्नर हापूस’. गाडी थांबवणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न एकच विचारतो, “पावडरचा नाही ना?” विक्रेता नाही म्हणतो. तो दुसरं काय म्हणणार? या प्रश्नाचं उत्तर ठेल्यावर मिळत नाही, आणि मिळालं तरी आंबा गोड निघेल की नाही हे त्यातून कळत नाही. विचारायचं ते वेगळंच असतं: हा आंबा कुठल्या झाडाचा, आणि त्या झाडाचा आंबा या आठवड्यात तयार होतो का?

जुन्नरचा आंबा उशिराचा आहे. येणेरे, काले आणि त्या बाजूच्या गावांत हापूस, केशर, राजापुरीच्या जुन्या बागा आहेत. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरचा हा पट्टा समुद्रसपाटीपासून सहा-सातशे मीटर उंच आहे. थंडी लांबते, मोहोर मागे राहतो आणि फळही मागे राहतं. कोकणचा हापूस मार्चपासून बाजारात असतो आणि मे सरता सरता संपत येतो. जुन्नरचा हापूस उतरायला लागतो तो साधारण त्याच सुमाराला, मेच्या उत्तरार्धात, आणि चालतो मृगाचा पाऊस लागेपर्यंत. इथल्या बागायतदारांना भाव मिळतो तोही या मागेपणामुळेच, कारण कोकणचा माल आटोपला की यांचा सुरू होतो.

म्हणजे एप्रिलच्या मध्यावर ‘जुन्नर हापूस’ म्हणून पिवळा आंबा दिसला, तर दोनच शक्यता उरतात. एक, तो दुसरीकडचा आहे. बहुतेक वेळा कर्नाटकातला, कधी कोकणातला. त्यात वाईट काही नाही, फक्त नाव खोटं आहे. दोन, तो खरोखर इथलाच आहे, पण कोवळा उतरवलेला. ही दुसरी शक्यता अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे फार वाढते. सणाला आमरस हवा असतो, मागणी एकदम चढते आणि झाडावरचं फळ मात्र अजून तीन-चार आठवडे मागे असतं. त्यामुळे कॅलेंडर ही आंबा पारखण्याची पहिली कसोटी आहे, आणि ती वापरायला फळाला हातही लावावा लागत नाही.

नावाबद्दल थोडं इथेच सांगतो. ‘हापूस’ या नावाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. जुन्नरकर आपल्या फळासाठी ‘शिवनेरी हापूस’ या नावाने वेगळ्या मानांकनाची मागणी करत आले आहेत. मला ती मागणी रास्त वाटते. ती पुरी होवो न होवो, गिऱ्हाइकाने ‘जुन्नर’ आणि ‘रत्नागिरी’ हे दोन शब्द एकाच चवीचे समजू नयेत.

आता मुख्य मुद्दा. आंब्याच्या बाबतीत आपण दोन गोष्टींची सरमिसळ करतो: तयार होणं आणि पिकणं. तयार होणं झाडावर घडतं. फळ भरतं, गरात पिष्ट साठतं, कोय कठीण होते. बागेतली माणसं याला ‘आंबा जून झाला’ म्हणतात आणि मोजतात आण्यांत. चौदा आणे तयार झाला, म्हणजे साधारण पंच्याऐंशी टक्के, की हापूस उतरवायचा. पिकणं त्यानंतर, झाडावरून उतरल्यावरही होतं. पिष्टाची साखर होते, आंबटपणा उतरतो, साल रंग बदलते, वास सुटतो. फळ स्वतःच इथिलीन नावाचा वायू सोडतं आणि त्या वायूने ही सगळी घडी उलगडते. अढीत आंबे पेंढ्यात दाबून ठेवतात ते याचसाठी. ऊब टिकते आणि फळांचा वायू फळांतच राहतो.

पिकवणारा वायू बाहेरूनही देता येतो. पण कुठलाही वायू आंब्याला तयार करू शकत नाही. पिष्ट साठलंच नसेल तर साखर येणार कुठून? कोवळ्या फळाला वायू दिला की साल पिवळी होते, गर थोडा मऊ होतो आणि गोडी मात्र येत नाही. ‘पावडरचा आंबा आंबट लागतो’ ही तक्रार खरी असते, पण त्या आंबटपणाचं मूळ बहुधा पावडरीआधीच्या तोडणीत असतं. पावडर लागते तीच मुळी कोवळा माल खपवायला. तयार आंबा आठ-दहा दिवसांत आपोआप पिकतो, त्याला घाईचं औषध कशाला?

ही पावडर म्हणजे कॅल्शियम कार्बाइड. राखाडी खडे किंवा भुकटी, कागदाच्या पुडीत बांधून क्रेटमध्ये आंब्यांच्या मधे ठेवतात. फळांच्या दमटपणाने त्यातून अ‍ॅसिटिलीन वायू निघतो, मागे चुना राहतो आणि उष्णता तयार होते. अ‍ॅसिटिलीन हा इथिलीनचा दुबळा भाऊबंद आहे. तोच परिणाम घडवायला तो कितीतरी जास्त लागतो, म्हणून पुड्या सढळ हाताने पडतात. बाजारात मिळणारं कार्बाइड कारखान्यासाठीचं असतं, वेल्डिंगच्या कामाचं, आणि त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरस यांचे अंश असतात. खरी भीती त्यांची. खाणाऱ्याइतकाच धोका त्या पुड्या हाताळणाऱ्या हमालाला असतो. वायू पेट घेणारा आहे आणि ओल्या हातांवर भुकटी पडली तर कातडी भाजते. त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही, याचं मला वाईट वाटतं.

कायदा याबाबत स्वच्छ आहे. अ‍ॅसिटिलीन वायूने पिकवलेलं फळ विकायला अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांनुसार बंदी आहे. इथिलीनला मात्र परवानगी आहे, २०१६ पासून, हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांच्या मर्यादेपर्यंत. त्यासाठी रायपनिंग चेंबर असतात: बंद खोली, ठरावीक तापमान, भरपूर दमटपणा, मोजून सोडलेला वायू आणि फळांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर काढायची सोय. चेंबरमधला आंबा कृत्रिमरीत्या पिकवलेलाच असतो, पण त्यात विषाची भर पडलेली नसते. तयार फळ आत गेलं तर चांगलं बाहेर येतं. कोवळं गेलं तर कोवळंच, फक्त पिवळं होऊन.

याचा एक परिणाम असा की रंगावरून केलेला निवाडा टिकत नाही. ‘सगळे आंबे एकसारखे पिवळे म्हणजे पावडर’ असं आपण ऐकत आलो. पण चेंबरमधून आलेले आंबेही एकसारखे पिवळेच असतात. उलट पुडी एका कोपऱ्यात असेल तर कार्बाइडचे आंबे कुठे पिवळे, कुठे हिरवे असे चट्ट्यांचेही निघतात. घरच्या अढीतही वरचे आणि तळाचे आंबे वेगवेगळे पिकतात. रंगाने शंका घ्यावी, निकाल देऊ नये. सालीवरच्या पांढुरक्या थराचंही तसंच. हापूसवर नैसर्गिक मेणाची हलकी लव असते आणि ती बोटाने पुसली की साल चकचकते. देठाच्या खळग्यात खरखरीत राखाडी पूड अडकलेली दिसली, तर मात्र ते फळ घेऊ नये.

मग बघायचं काय? आंब्याचा आकार, कारण तो वायूने बदलत नाही.

हापूस हातात घ्या, देठ वर धरा आणि देठाच्या दोन्ही बाजूंचे खांदे बघा. तयार फळाचे खांदे भरून वर आलेले असतात, देठाच्या पातळीच्याही थोडे वर, आणि देठ त्यांच्यामधल्या खळग्यात बसलेला असतो. कोवळ्या फळाचे खांदे उतरते असतात. देठ टोकावर, टेकडीवरच्या देवळासारखा उभा दिसतो. एकदा दोन फळं शेजारी ठेवून बघितली की पुन्हा विसर पडत नाही. केशरचा आकार वेगळा, तोतापुरीचा त्याहून वेगळा, पण खांदा भरणं या तिन्हींनाही लागू आहे. त्यानंतर गाल बघा. दोन्ही गाल फुगीर हवेत, चपटे नकोत. सालीवरचे बारीक ठिपके तयार फळावर ठळक आणि विरळ दिसतात.

मग वास. फळाच्या नाकाशी नव्हे, देठाशी. पिकलेल्या हापूसचा वास देठाच्या खळग्यातून आधी सुटतो. साल पूर्ण पिवळी आणि देठाशी वासच नाही, म्हणजे रंग पुढे गेला आणि पिकणं मागे राहिलं. माझ्या अनुभवात हीच खूण सगळ्यांत कमी चुकते. ठेल्यावर मात्र आजूबाजूच्या शंभर आंब्यांचा वास नाकात भरलेला असतो, म्हणून फळ घेऊन चार पावलं बाजूला जावं.

दाबून बघताना अंगठा खुपसू नये. विक्रेत्याचं नुकसान होतं आणि आपल्यालाही खोटं उत्तर मिळतं. तळहातात फळ धरून सगळी बोटं हलकी आवळायची. पिकलेला आंबा सगळीकडे सारखा नमतो. देठाशी कडक आणि मधे लिबलिबीत असेल तर तो आपटलेला असतो. वळवाच्या वादळानंतर दोन-तीन दिवस असे आंबे फार येतात. झाडाखाली सडा पडलेला असतो, मातीमोल भावाने उचलला जातो आणि पिवळा होऊन ठेल्यावर लागतो. वादळ झालं असेल तर त्या आठवड्यात स्वस्त आंब्याला थोडं थांबावं.

एवढं करूनही शंका राहिली तर एक फळ विकत घेऊन तिथेच चिरा. चांगला विक्रेता सुरी स्वतःच पुढे करतो. कोयीजवळचा गर बघायचा. सालीखाली केशरी आणि कोयीला लागून फिकट पांढरट, असं असेल तर फळ कोवळं उतरवलेलं आहे, कारण आंबा आतून बाहेर पिकत येतो, बाहेरून आत नव्हे. मग सुरीचं टोक कोयीच्या कडेवर दाबा. जून कोय लाकडासारखी अडते. कोवळ्या कोयीत सुरी शिरते. कोयीला कुणी पावडर लावू शकत नाही.

मागच्या मोसमात मी हे सगळं दोन डझनांवर शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. पहिला डझन मेच्या पहिल्या आठवड्यात हमरस्त्यावरच्या एका ठेल्यावरून घेतला, जुन्नरचा म्हणून, पिवळा. घरी आणून बारा फळं ओळीत लावली तेव्हा नऊ फळांचे खांदे उतरलेले होते. देठाशी वास कशालाच नव्हता. एक चिरलं. सालीखालचा गर बरा दिसत होता, कोयीजवळ पांढरट होता आणि सुरी कोयीच्या कडेत सहज गेली. दोन दिवस तसेच ठेवले. रंग आणखी गडद झाला, पण गर कडकच. चौथ्या दिवशी सालीवर काळे ठिपके उमटले आणि तीन फळं देठाकडून सडायला लागली, आणि तरीही आत आंबट होती. साल म्हातारी होत गेली आणि गर कोवळाच राहिला. उरलेल्या आठ फळांचा आईने मेथांबा केला.

यात पावडर होती का? मी छातीठोक सांगू शकत नाही. खांदे भरलेली तीन फळंही विशेष गोड नव्हती. पण डझन कोवळ्या तोडणीचा होता हे कोयीनेच सांगितलं.

दुसरा डझन मेच्या सत्तावीस तारखेला येणेऱ्याच्या एका शेतकऱ्याकडून घेतला, हिरवा. त्याने झेल्याने उतरवलेली फळं देठासकट दिली, बोटभर देठ ठेवून, म्हणजे चीक सालीवर ओघळत नाही आणि डाग पडत नाहीत. घरी पाण्याच्या बादलीत सोडली. अकरा बुडाली, एक तरंगलं. पुसून, भाताच्या पेंढ्यावर एका थरात लावून वर पुन्हा पेंढा टाकला. पाचव्या दिवशी खोलीत शिरताना वास आला. सातव्या दिवशी चार पिकली, नवव्या दिवसापर्यंत बाकीची. सालीला किंचित सुरकुती पडली होती आणि कोयीपर्यंत गर एकरंगी केशरी होता. तरंगलेलं फळ शेवटी पिवळं झालं, पण पाणचट निघालं. आणि अकरातल्या एकात साका निघाला, मधोमध पांढरट भुसभुशीत गोळा. हापूसचा हा जुना दोष बाहेरून ओळखता येत नाही. त्यासाठी शेतकऱ्याशी भांडण्यात अर्थ नाही.

पाण्याच्या त्या कसोटीबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण ती उलटी करून सांगितली जाते. ‘बुडला तर नैसर्गिक, तरंगला तर पावडरचा’ असं म्हणतात. पाणी फक्त घनता सांगतं. गर भरलेला तयार आंबा पाण्यापेक्षा किंचित जड असतो, म्हणून बुडतो. कोवळा हलका, म्हणून तरंगतो. ही कसोटी तोडणीनंतर हिरव्या फळावर चांगली चालते. पावडर होती की नव्हती हे बादलीला कळत नाही. तयार आंब्याला कार्बाइड दिलं तर तोही बुडेलच. सोड्याच्या पाण्याने कार्बाइड कळतं हा समजही निराधार आहे. आणि पेटती काडी आंब्याजवळ नेण्याचा प्रकार तर कुणीच करू नये. फळातून त्या क्षणी वायू निघत असेलच असं नाही, आणि पुड्यांच्या बंद पेटीजवळ काडी नेणं धोक्याचं आहे.

कार्बाइड खरोखर पकडायचं तर फळापेक्षा जागा तपासावी लागते. म्हणूनच अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२५ मध्ये असा पवित्रा घेतला की फळांच्या गोदामात, क्रेटच्या शेजारी कार्बाइड सापडलं, तर तोच विक्रेत्याविरुद्ध परिस्थितिजन्य पुरावा धरायचा. इथेफॉन या रसायनाच्या द्रावणात फळं बुडवण्यालाही त्याच वेळी मनाई केली. सामान्य गिऱ्हाईक करू शकतं ते एवढंच: पेटीच्या तळाशी कागदाची पुडी किंवा खडे दिसले, तर ते हातात न घेता फोटो काढावा आणि अन्न व औषध प्रशासनाला कळवावं. तक्रारीत ठेल्याचं ठिकाण आणि वेळ लिहिली तर चौकशी करणाऱ्याला काहीतरी हाती लागतं. घरी आणलेले आंबे वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावेत आणि साल काढून खावेत. वरची पूड त्याने निघते, आत मुरलेलं काही निघत नाही.

जुन्नरच्या आंब्याला पावडरीपेक्षा आणखी एक शत्रू आहे, आणि तो उशिराच्या मोसमामुळेच येतो. पहिला पाऊस पडला की फळमाशी वाढते. ती सालीला टोचून आत अंडी घालते. बाहेर टाचणीएवढा डाग, कधी त्यातून ओघळलेला चीक, आणि आत दोन-चार दिवसांनी अळ्या. बागेत रक्षक सापळे लावलेले असतील तर प्रमाण कमी राहतं. जूनमधला आंबा चोखून खाऊ नये, चिरून खावा. पावसात भिजलेला माल अढीत लवकर सडतो, म्हणून घेतल्यावर फळं कोरडी पुसून पसरावीत, ढीग करू नये.

आंबेगावच्या पश्चिमेला घोडेगावच्या पुढे गेलं की हे सगळं गणित बदलतं. तिथे रायवळ. डिंभ्याच्या आणि भीमाशंकरच्या बाजूने येणाऱ्या महादेव कोळी बायका पाट्यांमधून करवंदं, जांभळं आणि रायवळ घेऊन बसतात. रायवळाची प्रत्येक झाडाची जात वेगळी. एक पिकूनही हिरवा राहतो, दुसरा शेंदरी होतो, तिसऱ्याला नाकच नसतं. तिथे रंगही उपयोगाचा नाही आणि खांदेही. हा आंबा बहुधा पाड लागला की उतरवतात, म्हणजे झाडावरच एखाददुसरं फळ पिकून पडायला लागलं की. त्यामुळे त्याला पावडर लावण्याचं कुणाला कारणच उरत नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तिथल्या एका मावशींकडे मी दोन डझन मागितले. त्यांनी विचारलं, “खायचे कधी, दादा?”

“आज थोडे. बाकीचे होतील तसे.”

त्यांनी पाटीत हात घातला. प्रत्येक फळ तळहातावर एकदा तोललं, देठाशी एकदा नाक नेलं आणि फडक्यावर तीन ढीग केले. “हे आज. हे परवा. आणि हे रविवारी, त्याआधी कापू नका, दात आंबतील.” दोन-तीन फळं त्यांनी पाटीत परत टाकली. का, विचारल्यावर म्हणाल्या, “ती पडलेली हायेत. तुम्हाला नाय द्यायची, आमच्या घरात लोणच्याला लागतात.”

रविवारचे आंबे रविवारीच झाले.